ताटं किती, सीट किती?

लग्नघरात पाहुण्यांचा आकडा प्रत्येकाला वेगळ्या कारणासाठी हवा असतो. आचारी विचारतो, ताटं किती? बसवाला विचारतो, सीट किती? कार्यालयाचा मॅनेजर विचारतो, गाद्या किती? तिघांनाही एकच आकडा सांगून चालत नाही, कारण रात्री जेवणारे, सकाळी नाश्त्याला असणारे आणि बसने परतणारे ही तीन वेगवेगळी माणसं असतात. ऑनलाइन फॉर्म करायचा तो हे वेगळे आकडे मिळवण्यासाठी. प्रत्यक्षात व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे बहुतेक फॉर्म नाव, पत्ता, ईमेल, वय, नातं, आवडतं गाणं असं सगळं विचारतात आणि शेवटी ‘किती जण येणार?’ एवढ्या एकाच रकान्यावर भागवतात. त्या एका आकड्याचं आचाऱ्याने काय करायचं?

फॉर्म लिहायला बसण्याआधी एक काम करावं. आचारी, बसवाला आणि कार्यालय यांना फोन करून तुम्हाला नेमकं काय लागतं आणि कधी लागतं, हे विचारावं. त्यांनी सांगितलं तेवढंच फॉर्ममध्ये जाईल. ज्या उत्तरावरून कुणीही काही ठरवणार नाही तो प्रश्न कितीही छान वाटला तरी काढून टाकायचा. जेवणात जिलबी आणि गुलाबजाम दोन्ही असणार असतील, तर ‘तुम्हाला काय आवडेल’ हे विचारण्यात अर्थ नाही.

एक उदाहरण धरू. मुलाकडची मंडळी पुण्याची, लग्न चिपळूणला, तारीख १२ डिसेंबर. आदल्या दिवशी संध्याकाळी सीमांतपूजन आणि रात्रीचं जेवण, दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता, दुपारी लग्नाचं जेवण, मग परत. मुलाकडून ९० घरांना आमंत्रण आहे. फॉर्म गूगल फॉर्मवर केला आहे, कारण तो फुकट आहे आणि उत्तरं आपोआप शीटमध्ये येऊन पडतात.

पहिला प्रश्न येणार की नाही. इथे दोनच पर्याय ठेवले, तर आपल्याकडची माणसं अडतात. तोंडावर नाही म्हणायला संकोच वाटतो आणि हो म्हणायला अजून रजा मिळालेली नसते. मग फॉर्म तसाच राहतो किंवा वेळ मारून नेण्यासाठी ‘हो’ दाबलं जातं. दुसरा प्रकार जास्त महाग पडतो. म्हणून पर्याय तीन हवेत आणि त्यांची भाषा माणसाळलेली हवी: ‘हो, येणार’, ‘यंदा जमणार नाही, आमचे आशीर्वाद आहेतच’ आणि ‘अजून ठरलं नाही, ३ तारखेनंतर फोन करा’. नुसतं ‘कदाचित’ लिहू नका. ‘कदाचित’वरून तुम्हाला काहीच करता येत नाही, ‘फोन करा’मधून फोन करायच्या लोकांची यादी तयार होते.

‘नाही’ आणि ‘ठरलं नाही’ म्हणणाऱ्यांना पुढचे प्रश्न दिसताच कामा नयेत. यासाठी फॉर्मचे भाग पाडायचे आणि त्या प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमधून `Go to section based on answer` निवडायचं. ‘हो’ पुढच्या भागाकडे जाईल, उरलेले दोन थेट `Submit form` कडे. ही सोय एकच उत्तर निवडायच्या प्रश्नांना मिळते, म्हणजे गोल टिंबांची यादी किंवा ड्रॉपडाउन. अनेक चौकोनांवर खुणा करायच्या प्रश्नाला ती नाही. एकदा फाटे नीट फुटले की ‘नाही’ म्हणणाऱ्याचा फॉर्म दोन टिचक्यांत संपतो. ज्यांना यायचंच नाही त्यांचं उत्तर मिळणंही तितकंच महत्त्वाचं असतं, म्हणून त्यांचा वेळ सगळ्यात कमी घ्यावा.

दुसरा प्रश्न या फॉर्मचा कणा आहे. ‘किती जण येणार’ असं न विचारता प्रत्येक जेवणाला किती जण असतील ते विचारायचं: ११ तारखेला रात्री, १२ ला सकाळी नाश्त्याला, १२ ला दुपारी. एकच प्रश्न तीनदा, तिन्ही ड्रॉपडाउन, तिन्ही अनिवार्य. अनिवार्य अशासाठी, की रिकाम्या रकान्याचा अर्थ शून्य की विसरले हे नंतर कळत नाही. आपल्याकडच्या लग्नात बहुधा जेवण शाकाहारीच असतं आणि पदार्थ आधी ठरलेले असतात. त्यामुळे इथे ‘जेवणाची निवड’ म्हणजे काय खाणार यापेक्षा कोणकोणत्या वेळी खाणार, हीच असते. काका-काकू आदल्या दिवशी येतात, त्यांचा मुलगा लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला पोचतो. एकाच घराचे आकडे २, २, ३ असे येतात आणि तसेच यायला हवेत.

ड्रॉपडाउनच का, याला कारण आहे. मोकळा रकाना दिला, की लोक ‘आम्ही दोघं’, ‘४+१’, ‘३ मोठे आणि पिंट्या’ असं लिहितात. कुणी मराठी कळफलकावरून ‘४’ टाकतो. शीटमधलं `SUM` हे अक्षरं बेरजेत धरत नाही आणि चूक झाली असंही सांगत नाही. तो रकाना गुपचूप सोडून पुढे जातं. बेरीज येते, दिसायला बरी असते आणि दहा-पंधरा ताटं कमी असतात. त्यामुळे ड्रॉपडाउनचे पर्याय नुसते इंग्रजी आकडे ठेवावेत, 0 पासून 10 पर्यंत. ‘2 जण’ असं लिहू नये आणि शेवटी ‘6+’ असा पर्यायही देऊ नये, कारण तोही अक्षरच समजला जातो. बेरीज बरोबर आहे का, हे ताडून पाहायला एक सोपी युक्ती आहे. त्या स्तंभासाठी `COUNT` आणि `COUNTA` दोन्ही लावून बघा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं सगळे भरलेले रकाने. वरच्या शीर्षकाचा एक रकाना वजा केल्यावर दोन्ही सारखे आले नाहीत, तर कुठेतरी अक्षर शिरलं आहे.

तिन्ही जेवणं एका चौकटीत, आडवी-उभी, मांडण्याचा मोह होतो. फॉर्ममध्ये तसा प्रकारही आहे. संगणकावर ती चौकट सुबक दिसते. फोनवर मात्र उजवीकडचे आकडे पडद्याबाहेर जातात, बोटाने सरकवावे लागतात आणि ते सरकतात हेच बऱ्याच जणांना कळत नाही. चार माणसांच्या घराने ‘3’ का निवडलं, तर ‘4’ दिसलाच नाही म्हणून. तीन वेगळे ड्रॉपडाउन लांबलचक वाटतात, पण चुकत नाहीत.

लहान मुलांचं काय? त्यासाठी वेगळा प्रश्न नको. आचाऱ्याला आधीच विचारा, कितव्या वर्षापासून ताट धरता? तो पाच म्हणाला, तर प्रश्नाखाली एक ओळ लिहायची: ‘पाच वर्षांवरचे सगळे मोजा’. दर लावताना तो माणूस ज्याला म्हणतो, फॉर्मनेही त्यालाच माणूस म्हणावं, म्हणजे हिशेबाच्या वेळी वाद होत नाही.

तिसरा प्रश्न खाण्याच्या अडचणींचा, आणि तो फक्त अपवादांपुरता. ‘जैन जेवण किती जणांना?’ असा ड्रॉपडाउन आणि खाली एक मोकळी ओळ: ‘काही खाल्ल्याने कुणाला त्रास होत असेल, तर त्यांचं नाव आणि पदार्थ लिहा’. दोन्ही ऐच्छिक. नव्वद टक्के घरं ते न बघता पुढे जातील आणि तेच अपेक्षित आहे. ही मोकळी ओळ वगळू नये, याचं कारण शेंगदाणा. आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, उसळीत, इतकंच काय साबुदाण्याच्या खिचडीतसुद्धा दाण्याचं कूट असतं. ज्याला दाणे चालत नाहीत त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायचं झालं, तर आचाऱ्याला ते फोडणीआधी माहीत हवं. पंगतीत बसल्यावर सांगून उपयोग नाही.

उपवासाचा पर्याय द्यावा की नाही, हे आपण न ठरवता पंचांगावर सोडावं. तारीख ठरली, की कालनिर्णय उघडून दोन्ही दिवस पाहावेत. एकादशी असेल, तर दोन्ही वेळा फराळ मागणारे निघतील. संकष्टी असेल, तर दुपारी फराळ लागेल, पण रात्री चंद्रोदयानंतर तीच माणसं पंगतीत पूर्ण जेवायला बसतील. म्हणजे फराळाच्या ताटांचा आकडा दोन्ही वेळेला सारखा धरणं चुकीचं. काहीच नसेल, तर पर्याय ठेवूच नये; ठेवला की ‘आमचा गुरुवार असतो’ म्हणणारे भेटतातच. आणि ज्या स्वागत समारंभात मटण-कोंबडी आहे, तिथे ‘शाकाहारी की मांसाहारी’ असं घरामागे एकदा विचारू नये. एकाच घरात दोन शाकाहारी आणि दोन मांसाहारी असतात. ‘मांसाहारी ताटं किती’ एवढंच विचारायचं, उरलेली वजाबाकी शीट करतं.

चौथा प्रश्न प्रवासाचा. इथे एका प्रश्नात दोन उत्तरं काढता येतात. ‘चिपळूणला कसे येणार?’ याचे पर्याय असे लिहिले: ‘आपल्या बसने, कोथरूडहून’, ‘आपल्या बसने, स्वारगेटहून’, ‘स्वतःच्या गाडीने’, ‘रेल्वेने’. बसने येणार का आणि कुठून चढणार, हे वेगळं विचारावं लागलं नाही. बस निवडणाऱ्यांनाच पुढचा भाग दिसतो आणि त्यात दोन आकडे आहेत: जाताना किती सीट, परतताना किती सीट. परतीचं लोक हमखास विसरतात. जाताना बसने गेलेल्या मावशी परतताना भाच्याच्या गाडीतून थेट मुंबईला जातात. उलटही होतं: रेल्वेने आलेले दोघं लग्नात भेटलेल्या पुणेकरांबरोबर बसने निघतो म्हणतात. म्हणून परतीच्या सीटचा प्रश्न रेल्वेवाल्यांनाही विचारावा.

रेल्वेने येणाऱ्यांना मात्र ‘कोणती गाडी’ हे सरसकट विचारू नये. मांडवी असो वा तुतारी, गाडी उशिरा आली की फॉर्ममध्ये लिहिलेली वेळ कुचकामी. चिपळूण स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात. खरा प्रश्न हा, की ‘स्टेशनवर गाडी पाठवायला हवी का?’ हो म्हणणाऱ्याने गाडीचं नाव, तारीख आणि प्रवासात असणाऱ्याचा फोन नंबर द्यावा. म्हातारी माणसं, सामान किंवा रात्रीची वेळ असेल, तर लोक हो म्हणतात. बाकीचे स्वतःहून येतात.

मुक्कामाचा प्रश्न राहिला, असं कुणी म्हणेल. तो विचारायची गरज नाही. ज्या घरातले ११ च्या रात्रीच्या जेवणाला आहेत आणि १२ च्या नाश्त्यालाही आहेत, ते मध्ये कुठेतरी झोपणार. प्रत्येक घराच्या या दोन आकड्यांपैकी लहान तो मुक्कामाचा. शीटमध्ये `MIN` लावून तो काढता येतो. काही जण गावातल्या नातेवाइकांकडे उतरतील, तेव्हा ही गाद्यांची वरची मर्यादा समजायची. प्रत्यक्षात थोड्या कमी लागतील. आधार कार्डाचे फोटो फॉर्ममधून तर अजिबात मागू नयेत. फाइल चढवण्याचा प्रश्न टाकला, की फॉर्म भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगइन करावं लागतं आणि अर्धी मंडळी तिथेच थांबतात. लॉजवाल्याला कार्ड हवं असेल, तर तो काउंटरवर बघून घेईल.

लॉगइनची हीच अडचण `Limit to 1 response` या सेटिंगमध्येही आहे. एका घराने दोनदा भरू नये म्हणून ते चालू करावंसं वाटतं, पण नवरा-बायकोची खाती वेगळी असल्याने त्याचा उपयोगही नसतो. त्यापेक्षा प्रत्येक घराला एक खूण द्या: P01, P02 अशी P90 पर्यंत. फॉर्ममध्ये पहिल्याच ओळीत ‘घराची खूण’ हा छोटा रकाना ठेवायचा आणि फॉर्मच्या मेन्यूतून आधीच उत्तर भरलेली लिंक बनवून घ्यायची. त्या लिंकच्या शेवटी त्या रकान्याचा क्रमांक `entry.` या अक्षरांपुढे दिसतो. मग पाहुण्यांच्या यादीच्या शीटमध्ये, A स्तंभात खुणा असतील तर, शेजारच्या रकान्यात असं सूत्र लिहायचं. FORM_ID आणि क्रमांक तुमच्या लिंकमधले घालायचे.

```
="https://docs.google.com/forms/d/e/FORM_ID/viewform?usp=pp_url&entry.1234567890="&A2
```

सूत्र खाली ओढलं, की नव्वद घरांच्या नव्वद लिंका तयार. खुणेमुळे नाव, पत्ता, फोन, नातं हे चारही प्रश्न गळतात, कारण ते सगळं आपल्या यादीत आधीच आहे. एका खुणेखाली दोन उत्तरं आली, तर नंतरचं खरं धरायचं आणि आधीची ओळ काढून टाकायची. बेत बदलला तरी लोकांना एवढंच सांगायचं, की पुन्हा भरा. उत्तर दुरुस्त करण्यासाठी फॉर्म वेगळी लिंक देतो, पण ती कुणी जपून ठेवत नाही. मात्र ही लिंक प्रत्येकाला वेगळी पाठवावी लागते. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, की सगळे एकाच खुणेने भरतात. एकाच खुणेखाली तीन-चार उत्तरं आणि आकडे एकमेकांशी न जुळणारे, असं दिसलं की लिंक कुणीतरी पुढे ढकलली आहे हे ओळखायचं.

आता तारखा. आचाऱ्याला आकडा ७ तारखेला हवा, असं त्याने सांगितलं आहे. फोन करायला तीन दिवस लागतात आणि एक दिवस हाताशी असावा. म्हणून फॉर्मवर शेवटची तारीख २ डिसेंबर लिहिली. ‘लवकरात लवकर कळवावे’ असं लिहिलं, तर कुणीही कळवत नाही.

समजा, २ तारखेच्या रात्री शीट असं दिसलं: ५२ घरं येणार, १४ नाही, ९ अजून ठरलेली नाहीत, १५ घरांचं काहीच उत्तर नाही. येणाऱ्या ५२ घरांचे मिळून रात्रीच्या जेवणाला ११८, नाश्त्याला १२४, लग्नाच्या जेवणाला १७१. मुक्काम ११२. जैन ताटं ७. कोथरूडहून ४१ सीट, स्वारगेटहून २२, परतीला मात्र ४४. जाताना ६३ माणसांना ४९ सीटची एक बस आणि १७ सीटची ट्रॅव्हलर लागेल, परतीला एक बस पुरते. मग ट्रॅव्हलर आदल्या रात्रीच रिकामी करता येईल का, हे तिच्या मालकाशी आत्ताच बोलता येतं. परतीचं भाडं तो लावेलच, पण दुसऱ्या दिवसाचं भाडं आणि चालकाची सोय वाचते. परतीच्या सीट वेगळ्या विचारल्या नसत्या, तर हे सुचायलाही वाव नव्हता.

नऊ आणि पंधरा मिळून २४ घरांना फोन करायचे. फोन करणाऱ्याने समोर तोच फॉर्म उघडून ठेवावा, प्रश्न क्रमाने विचारावेत आणि उत्तर तिथेच भरावं. वहीत लिहून ठेवलेले आकडे शीटमध्ये यायचे राहतात. ज्या आजी-आजोबांना फॉर्म भरायचाच नसतो त्यांच्यासाठी फोन ही कमीपणाची सोय नाही. उलट त्यांना पहिल्यापासून फोनच करावा. पत्रिकेत ‘सहकुटुंब सहपरिवार’ म्हणायचं आणि फॉर्ममध्ये डोकी मोजायची, हे काही वडीलधाऱ्यांना खटकतं. फॉर्मच्या वर दोन ओळी लिहिल्या तर ते बरंच निवळतं: आपण सगळे या, ताटं आणि बसच्या सीट कमी पडू नयेत एवढ्यासाठीच विचारतो आहोत.

या फॉर्मची मर्यादाही स्पष्ट आहे. तो बाहेरगावहून येणाऱ्यांना मोजतो. मुलीकडचं गाव, आळी, शेजार, वडिलांच्या ऑफिसातली मंडळी लग्नाच्या जेवणाला येतात ती फॉर्म भरून येत नाहीत. तो अंदाज मुलीकडच्या जाणत्या माणसानेच बांधावा आणि आचाऱ्याला दोन्ही आकडे वेगवेगळे सांगावेत: एक मोजलेला, एक अंदाजाचा. दोन्ही मिसळून एकच गोल आकडा दिला, तर तो मोजलेल्यातही भर घालून ठेवतो.

फॉर्म सगळ्यांना पाठवण्याआधी घरातल्या एखाद्या मावशीच्या किंवा काकांच्या हातात फोन देऊन तो भरायला सांगा आणि काही न बोलता बघत राहा. बोट जिथे थबकेल तो प्रश्न बदला. सेटिंगमध्ये `View results summary` बंद आहे ना, तेही पाहा, नाहीतर भरणाऱ्यांना इतरांच्या उत्तरांचा गोषवारा दिसतो. सगळे फोन करून झाले की नवी उत्तरं घेणं थांबवा आणि फॉर्म बंद असल्याच्या संदेशात एक फोन नंबर टाका. आचाऱ्याला आकडे, बसवाल्याला थांब्यांची यादी, एवढंच बाहेर जाऊ द्या. आख्ख्या शीटची लिंक कुणालाही देऊ नका. आणि लग्नानंतर, सगळ्यांचा हिशेब चुकता झाला, की फॉर्म आणि शीट दोन्ही पुसून टाका. कुणाला काय खाल्ल्याने त्रास होतो आणि कुणाचा फोन नंबर काय, ही माहिती पाहुण्यांनी तुम्हाला त्या दोन दिवसांपुरतीच दिलेली असते.